पंचेचाळीस सेकंदांचे स्वयंपाकघर

घरगुती फराळ विकत घेणाऱ्याला तो कसा होतो हे बघायचे असते. पण त्याच्यासाठी स्वयंपाकघराचे दार उघडायचे, ते नेमके किती आणि कसे?

हलवाई जिलबीची कढई दुकानाच्या तोंडाशीच का मांडतो, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. आत भरपूर जागा असते, भट्टीही मागेच असते, तरी जिलबी मात्र रस्त्याकडे तोंड करून तळायची. रसवंतीवाल्याचेही तेच. ऊस गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत चरकात जातो, आले-लिंबूही त्याच्यासमोरच पडते. वासाने माणूस थांबतो हे खरेच, पण थांबलेला माणूस खरेदी करतो तो जे दिसते त्याच्या भरवशावर. तूप आहे की डालडा, पाक ताजा आहे की कालचा, हे त्याला विचारावे लागत नाही.

घरगुती पदार्थ विकणाऱ्या गृहिणींची अडचण इथेच सुरू होते. त्यांचे गिऱ्हाईक दाराशी नसतेच. ऑर्डर येते व्हॉट्सअॅपवर, पैसे येतात मोबाइलवरून, आणि डबा जातो कुरिअरने इंदूरला, बडोद्याला, नाहीतर बंगळुरात नोकरी करणाऱ्या कुणाच्या तरी लेकीकडे. खाणाऱ्याने कढई पाहिलेली नसते आणि कढईमागच्या बाईलाही. म्हणून अलीकडे बहुतेक जणी आपल्या कामाची छोटीशी चित्रफीत काढून पाठवतात. त्यातल्या पुष्कळशा एकसारख्या दिसतात आणि पाहणारा त्या अर्ध्यावर सोडून देतो. काही थोड्या मात्र शेवटपर्यंत पाहिल्या जातात. हा फरक कशामुळे पडतो, ते उदाहरणादाखल चकलीचे एक घर डोळ्यांसमोर आणून पाहू.

पैठणी आणि चांदीचे ताट

घर डोंबिवलीतले समजू. काकू, त्यांची सून, आणि दिवाळीच्या दिवसांत मदतीला येणाऱ्या दोन मावश्या. विकायचे भाजणीची चकली, शेव आणि चिवडा. पण नाव आहे ते चकलीचे. पहिली चित्रफीत घरच्यांनी हौसेने काढली. काकूंनी पैठणी नेसली, दारात रांगोळी घातली, चांदीच्या ताटात चकल्या गोल रचल्या, बाजूला पणत्या ठेवल्या. मागे सनई. शेवटी मोठ्या अक्षरांत ‘घरगुती चव, उत्तम दर्जा, आजच ऑर्डर करा’.

नातेवाइकांनी भरभरून कौतुक केले. ऑर्डर मात्र आल्या त्या जुन्याच माणसांच्या. नवीन माणसे फोन करत, दोन प्रश्न विचारत आणि ‘कळवतो’ म्हणून ठेवून देत. सुनेच्या लक्षात आले, की विचारणारे वेगवेगळे असले तरी त्यांचे प्रश्न ठरलेलेच आहेत. तळायला तेल कोणते वापरता? चकल्या कधी केलेल्या पाठवता? भाजणी घरची का बाहेरून आणलेली? पाव किलोच्या पाकिटात खरोखर पाव किलो असते ना?

यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर पैठणीत नव्हते.

सुनेने मग एक साधी गोष्ट केली. फोनशेजारी वही ठेवली आणि येणारा प्रत्येक प्रश्न त्यात लिहिला. आठवड्याने वही उघडली तेव्हा पुढच्या चित्रफितीचा आराखडा तयारच होता. कारखान्याची असो वा स्वयंपाकघराची, पडद्यामागची फीत म्हणजे गिऱ्हाइकाने फोनवर विचारलेल्या प्रश्नाचे डोळ्यांना दिलेले उत्तर. ‘आम्ही चांगले तेल वापरतो’ असे सांगण्याऐवजी शेंगदाणा तेलाचा डबा फोडून ते कोऱ्या कढईत ओतताना दाखवायचे. वाक्यावर शंका घेता येते. डबा फुटतो, तेल पडते, त्याचा रंग दिसतो, यावर शंका घ्यायला जागा कमी उरते.

काय दाखवायचे हे चकलीलाच विचारावे

भाजणीची चकली करायची म्हणजे दोन दिवसांचे काम. तांदूळ धुऊन सावलीत वाळवायचे. तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, मूग डाळ, धने, जिरे हे सगळे मंद आचेवर वेगवेगळे भाजायचे. एकत्र का नाही? कारण प्रत्येकाला लागणारा वेळ निराळा. जिरे मिनिटा-दोन मिनिटांत होते, हरभरा डाळीला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. एकत्र टाकले तर एक करपते आणि दुसरे कच्चे राहते. भाजलेले धान्य पूर्ण थंड झाल्यावरच गिरणीत न्यायचे, नाहीतर डब्यातल्या डब्यात वाफ धरते आणि पीठ ओलसर होते. मग पाण्याला उकळी आणून त्यात तेलाचे मोहन, तीळ, ओवा, तिखट, मीठ घालायचे, भाजणी घालून ढवळायची, झाकण ठेवायचे आणि कोमट झाल्यावर मळायची. त्यानंतर सोऱ्या, आणि मग कढई.

हे सगळे पंचेचाळीस सेकंदांत मावणार नाही आणि मावू देऊही नये. पाककृती शिकवणे हा या चित्रफितीचा उद्देशच नव्हे. निवडायचे ते एवढेच क्षण, की ज्यांत करणाऱ्याची काळजी दिसते आणि जे बाहेरून आणलेल्या मालाच्या बाबतीत दाखवताच येणार नाहीत. चकलीत असे क्षण चार-पाचच सापडतात.

पहिला, पाच-सहा ताटांत वेगवेगळे भाजून निवत ठेवलेले धान्य. एका नजरेत कळते की भाजणी घरची आहे. दुसरा, नव्या तेलाचा. तिसरा, पहिल्या एकट्या चकलीचा. कोणतीही जाणती बाई घाणा घालण्याआधी एकच चकली तळून बघते. ती तेलात फुटून विरघळायला लागली तर मोहन जास्त झालेले असते. काटा नीट उठला नाही तर पीठ सैल आहे. तळून कडक, दाताला दगडासारखी लागली तर मोहन कमी पडले. ही परीक्षा घेणारी काकूंची मुद्रा, चकली मोडून आतली नळी बघणारे त्यांचे डोळे, हे पाहताना बघणाऱ्याला कुणी काही सांगावे लागत नाही.

चौथा क्षण बुडबुड्यांचा. चकली तेलात सोडली की भोवती फेसासारखे बुडबुडे उसळतात, कारण आतल्या पाण्याची वाफ बाहेर पडत असते. ते हळूहळू कमी होत जातात आणि जवळजवळ थांबले, की चकली आतपर्यंत तळली गेली. घाईने मोठ्या आचेवर तळलेली चकली वरून लगेच लाल होते, पण आत पाणी राहते, आणि तीच दुसऱ्या दिवशी मऊ पडते. बुडबुडे शांत होईपर्यंत थांबणारा झारा तीन सेकंद जरी दिसला, तरी जाणकार गिऱ्हाईक ओळखते की ही बाई घाई करत नाही.

आणि पाचवा, बाजूला काढलेल्या मोडक्या चकल्यांचा. सुनेचा आधी विरोध होता. “आई, तुटलेल्या चकल्या कशाला दाखवायच्या? लोक म्हणतील, यांना जमत नाही.” काकू म्हणाल्या, “अगं, तुटत नाहीत असं म्हटलं तर कुणाला पटेल का? त्या पाकिटात जात नाहीत, एवढं दिसू दे.” काकूंचेच बरोबर होते. सगळे गुळगुळीत दाखवणाऱ्या चित्रफितीत आपल्याला काहीतरी लपवल्यासारखे वाटते. वेगळ्या डब्यात पडणारी मोडकी चकली दिसली, की पाकिटातली अख्खी चकली जास्त खरी वाटू लागते.

खिडकी, पंखा आणि वाफ

चित्रीकरणासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. साधा मोबाइल पुरतो. तो उभा धरायचा, कारण पाहणारेही तो उभाच धरून बघणार. पण स्वयंपाकघराच्या काही खोड्या असतात, त्या ठाऊक नसल्या तर सगळी मेहनत वाया जाते.

पहिली खोडी दिव्यांची. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. त्यामुळे जुन्या पद्धतीच्या ट्यूबलाइटचा आणि काही स्वस्त एलईडी दिव्यांचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्यांना ते समजत नाही, पण मोबाइलच्या चित्रात काळसर पट्टे वरखाली सरकताना दिसतात. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे दिवे बंद करून सकाळच्या खिडकीच्या उजेडात काम करायचे. उजेड बाजूने यावा. बाजूने आलेल्या उजेडात चकलीचा काटा न् काटा उठून दिसतो. समोरून आला तर ती सपाट दिसते, आणि खिडकी पाठीमागे असली तर काकूंचा नुसता काळा आकार.

दुसरी खोडी मोबाइलच्या अतिहुशारीची. कढईत पांढरा फेस उसळला की तो आपोआप चित्र काळे करतो, फेस बसला की पुन्हा उजळ करतो. त्यासाठी पडद्यावर कढईच्या जागी बोट दाबून ठेवायचे, म्हणजे उजेड आणि स्पष्टता तिथेच कुलूपबंद होते. मोबाइल हातात धरूनही चालत नाही. सुनेने सुरुवातीला तसे केले आणि चित्र तर हललेच, पण उकळत्या तेलावर फोन धरलेला हात पाहून काकूंचा जीव टांगणीला लागला. शेवटी तांदळाच्या डब्याला टेकवून, कढईपासून हातभर लांब ठेवला. भिंगावर वाफ आणि तेलाचा बारीक थर बसतो. दर घाण्यानंतर सुती कापडाने पुसले नाही, तर सगळे चित्र धुक्यात घेतल्यासारखे येते.

तिसरी गोष्ट आवाजाची, आणि बहुतेक जणी चुकतात ती इथेच. सनई घालून त्या मोकळ्या होतात. खरे तर चकलीला स्वतःचा आवाज आहे. तेलात पडतानाचा चर्र, झाऱ्यावर एकमेकींना लागतानाचा खुळखुळ, आणि मोडतानाचा कट्‌. खुसखुशीतपणा दाखवता येत नाही, तो ऐकवावाच लागतो. सुनेने पंखा बंद केला, धूर खेचणारा पंखा बंद केला, शेजारच्या कुकरची शिट्टी होऊन जाऊ दिली आणि मोबाइलपासून वीतभर अंतरावर चकली मोडली. दोन-तीन चकल्या खर्ची पडल्या, पण त्या एका आवाजाने सनईची गरजच उरली नाही. काकूंचे बोलणे मात्र तिने वेगळे घेतले, शेजारच्या खोलीत, कपड्यांचे कपाट उघडून त्याच्यासमोर. कपडे आवाजाचा घुमारा शोषून घेतात. स्टुडिओ नसलेल्यांनी ही युक्ती जरूर करून पाहावी.

कागदाने केला घोटाळा

दोन सकाळी खपून चित्रीकरण झाले. संध्याकाळी सगळे ते बघायला बसले आणि सुनेने एका ठिकाणी फीत थांबवली. तळलेल्या चकल्या तेल निथळण्यासाठी पसरल्या होत्या, त्या वर्तमानपत्रावर.

पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत हेच चालत आले आहे. पण छपाईच्या शाईतली रसायने गरम, तेलकट पदार्थात उतरतात. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या पॅकेजिंगविषयक २०१८ च्या नियमांत अन्न ठेवण्यासाठी किंवा गुंडाळण्यासाठी वर्तमानपत्र वापरायला मनाई आहे. घरी खाताना कुणी बोलत नाही. विकणाऱ्याला हा नियम लागू होतो. ही फीत तशीच गेली असती, तर पहिल्याच दिवशी कुणीतरी खाली लिहिले असते, आणि मग पाच चांगले क्षण विसरून सगळ्यांना तो कागदच आठवला असता.

आता दोन मार्ग होते. तेवढा तुकडा कापून टाकायचा, किंवा चाळण असलेली स्टीलची ताटे आणून कामाची पद्धतच बदलायची आणि पुन्हा चित्रीकरण करायचे. पहिला सोपा होता, कुणाला कळलेही नसते. पण चकल्या तशाच कागदावर पसरल्या गेल्या असत्या आणि फितीत दाखवलेले व पाकिटात जाणारे यांत अंतर पडले असते. घरी येणाऱ्या एखाद्या गिऱ्हाइकाने ते अंतर कधी ना कधी पाहिलेच असते. ताटे आली. चित्रीकरण एक दिवस लांबले.

तेलाच्या बाबतीतही असेच झाले. फीत काढण्याच्या दिवशी नवे तेल, आणि एरवी? हा प्रश्न काकूंनी स्वतःच काढला. वारंवार तापवलेल्या तेलात काही घातक घटक साठत जातात. १ जुलै २०१८ पासून लागू असलेल्या नियमानुसार त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेले, की ते तेल अन्नासाठी वापरता येत नाही. ते मोजायची उपकरणे असतात, पण ती घरोघरी नसतात. घरच्या खुणा अशा, की तेल काळपट आणि दाट होते, तापण्याआधीच धुरावते, फेस बसता बसत नाही आणि खवट वास येतो. त्या दिसेपर्यंत थांबणे हे उशिराचे शहाणपण. काकूंनी ठरवले, की चकलीसाठी रोज सकाळी नवे तेल आणि काल उरलेले आज कढईत नाही. खर्च वाढला. पण त्यानंतरच ‘रोज नवे तेल’ हे तीन शब्द फितीवर लिहायला त्यांनी परवानगी दिली.

चित्रफितीचा हा फायदा कुणी आधी सांगत नाही. मोबाइल समोर आला, की माणूस आपले स्वयंपाकघर परक्याच्या नजरेने बघू लागतो. हातातली अंगठी, न बांधलेले केस, ओट्याच्या कडेला ठेवलेला चहाचा कप, सगळे एकदम दिसायला लागते.

जुळवणी

सगळे मिळून चाळीस मिनिटांचे चित्रण झाले होते. त्यातून ठेवायचे पंचेचाळीस सेकंद. सुनेने सुरुवात ताटांपासून न करता चकली मोडण्याच्या आवाजापासून केली, कारण पहिल्या दोन-तीन सेकंदांत काही घडले नाही तर बोट पुढे सरकते. त्यानंतर भाजलेल्या धान्याची ताटे, गिरणीत पडणारे पीठ, नव्या तेलाचा डबा. मग पहिली चकली आणि काकूंची मुद्रा. इथे तिने चांगले सात सेकंद दिले. पुढे सोऱ्यातून पडणारी वेटोळी, शांत होत जाणारे बुडबुडे, चाळणीच्या ताटावरच्या चकल्या, वेगळ्या डब्यात पडणारी मोडकी. शेवटी वजनकाट्यावर पाकीट, त्यावर २५० ग्रॅम हा आकडा आणि करण्याची तारीख.

आवाज बंद ठेवून बघणारे पुष्कळ असतात. म्हणून काकूंची वाक्ये खाली अक्षरांतही दिली, एका वेळी चार-पाच शब्दांहून जास्त नाही. वाक्ये अशी, “प्रत्येक डाळ वेगळी भाजते.” “आधी एक तळून बघते.” “तुटलेली पाकिटात नाही.” यात एकही विशेषण नाही. ‘शुद्ध’, ‘शंभर टक्के नैसर्गिक’, ‘सर्वोत्तम’ हे शब्द सुनेने सुचवले होते. ते गळले हे बरे झाले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाई होऊ शकते, आणि मोबाइलवर पाठवलेली फीतही जाहिरातच असते. अमुक एका गोष्टीने मधुमेह्यांना चालते, तमुकाने पचन सुधारते, असले दावे तर घरगुती फराळवाल्यांनी करूच नयेत. जे चित्रात दिसते तेवढेच बोलावे.

आणि विक्रीचे काय? ‘आजच ऑर्डर करा’ हे वाक्य कुठेच नव्हते. फीत संपताना पाकीट चार सेकंद स्थिर राहते. त्यावर नाव, घटक पदार्थांची यादी, शाकाहाराची हिरवी खूण आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक वाचता येईल इतका जवळ. हा क्रमांक नुसता शोभेचा नसतो, प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर तो टाकून कुणालाही खात्री करता येते. किंमत, कुरिअरचा खर्च आणि फोन नंबर फितीत न घालता तिच्याखालच्या मजकुरात लिहिला. किंमत बदलली तर मजकूर बदलता येतो, फीत पुन्हा काढावी लागत नाही.

दोन गोष्टी मुद्दाम टाळल्या. मदतीच्या एका मावशींना चेहरा दाखवायचा नव्हता. त्यांचे नुसते हात दिसतात आणि कुणाला काही खटकत नाही. दुसरे, खिडकीतून दिसणारी सोसायटीची पाटी आणि शाळेच्या गणवेशातला नातू. अनोळखी माणसांपर्यंत जाणाऱ्या चित्रात घराचा पत्ता आणि मुले असू नयेत. प्रमाणाची भीती मात्र काकूंना नव्हती. कुणाला वाटते, दाखवले तर शेजारीण उचलेल. ताटांतले धान्य दिसते, त्याचे माप दिसत नाही. आणि माप कळले तरी ती पहिली चकली मोडून बघण्याची नजर कशी उचलणार?

दिसण्याला दुसरी बाजू असते

अमेरिकेतल्या हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक रायन ब्यूएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका उपाहारगृहात प्रयोग केला होता. पडद्यांच्या साहाय्याने त्यांनी कधी ग्राहकाला स्वयंपाकी दाखवला, कधी स्वयंपाक्याला ग्राहक. नुसता ग्राहकाला स्वयंपाकी दिसला तर समाधानात वाढ झाली नाही. स्वयंपाक्याला ग्राहक दिसला तेव्हा ते सुमारे १० टक्के वाढले, आणि दोघे एकमेकांना दिसत होते तेव्हा सुमारे १७ टक्के. आपण कुणासाठी रांधतो आहोत हे कळले, की रांधणाऱ्याचा हात बदलतो. चित्रफीत काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे, कारण फीत ही एकाच बाजूची खिडकी असते. सुनेने त्यावर आपल्या परीने तोड काढली. डबा पोचल्यावर लोक जे लिहून किंवा बोलून पाठवत, ते ती दुपारी सगळ्यांना ऐकवू लागली. बडोद्याच्या एका आजींनी ओवा कमी हवा असे कळवले, तेव्हा पीठ मळणाऱ्या मावशींनीच ते पहिल्यांदा लक्षात ठेवले.

फीत पसरली तसे फोन वाढले. ‘तेल कोणते’ हा प्रश्न जवळजवळ बंद झाला; आता ‘कधी मिळेल’ हा पहिला प्रश्न. इथे काकूंनी एक हिशेब मांडला, तो प्रत्येक घरगुती उद्योगाने मांडायला हवा. कढईत एका वेळी दहा चकल्या. एक घाणा व्हायला साधारण साडेसहा मिनिटे. म्हणजे तासाला नऊ घाणे, नव्वद चकल्या. तळलेली चकली सुमारे २२ ग्रॅमची, म्हणजे तासाला जेमतेम दोन किलो. भाजणे, मळणे, पॅकिंग हे सगळे सांभाळून रोज चार तास तळणे शक्य. दिवसाला आठ किलो, म्हणजे पाव किलोची ३२ पाकिटे. दिवाळीआधीचे १५ दिवस धरले तर ४८०.

मागणी त्याहून जास्त झाली, तेव्हा ओळखीच्या एका केटररने उरलेल्या चकल्या करून द्यायची तयारी दाखवली. नफाही बरा सुटला असता. “पण आई, फितीत आपली कढई दिसते,” सून म्हणाली. काकूंनी एवढेच विचारले, “मग त्या पाकिटात कोणाची चकली गेली म्हणून सांगायचं?”

केटररला नकार गेला. सुनेने फितीखालचा मजकूर उघडून शेवटी दोन ओळी वाढवल्या. दिवसाला ३२ पाकिटे होतात, तेवढीच घेतो. ४८० भरली की नोंदणी थांबेल. बाकी किती, तो आकडा ती रोज रात्री बदलत असे, आणि लोक फीत पुन्हा उघडत ते बहुधा तो आकडा बघायला. दिवाळीला पाच दिवस राहिले असताना तिथे शून्य आले. पुढच्या वर्षी तेलाचा भाव, गिरणी किंवा मावश्या यांतले काही बदलले असेल तर फीत नव्याने काढायची, हे तिने वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले आहे. खाली नवे प्रश्नही जमू लागले आहेत. त्यांतला पहिला आहे, कमी तिखटाची लहान मुलांसाठी करता का?